धागा: प्रदूषण करणाऱ्याने भरायचं हे ठरलं, पण किती आणि कशावरून?

अपर्णा_कोथरूड

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून एलएलबी करतेय, शेवटचं वर्ष. पर्यावरण कायद्याच्या पेपरसाठी चार हजार शब्दांचा निबंध द्यायचाय: ‘पोल्युटर पेज’ आणि ‘प्रिकॉशनरी प्रिन्सिपल’, उदाहरणांसह. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की बिछरी आणि वेल्लोर हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सगळेच लिहितात आणि त्यातली तीच चार वाक्यं उतरवतात. तुम्ही त्यापुढे काय पाहिलंत ते लिहा.

माझी आत्तापर्यंतची समजूत अशी की सावधगिरीचं तत्त्व घाण होण्याआधीचं आणि भरपाईचं तत्त्व घाण झाल्यानंतरचं. पण निकाल वाचायला बसले की एकाच जागी अडते. भरायचं हे मान्य, पण आकडा येतो कुठून? कधी टक्के, कधी ठोक रक्कम, कधी सूत्र. याला काही पद्धत आहे का? पुण्यातलं उदाहरण मिळालं तर फार बरं होईल.

नदीकाठचा

दोन्ही तत्त्वं वेल्लोरच्या निकालात आली, १९९६ साली. तमिळनाडूतले चामड्याचे कारखाने, पालार नदी, प्रत्येक कारखान्याला १० हजार रुपये दंड. एवढं लिहिलंस की पेपर झाला.

माझं स्वतःचं मत विचारशील तर हे तत्त्व म्हणजे परवाना आहे. पैसे टाका आणि घाण करा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला काय फरक पडतो?

मुळशीकर

नदीकाठचा, अर्धं बरोबर आहे तुमचं. वेल्लोरचा निकाल ऑगस्ट १९९६ चा. भरपाईचं तत्त्व त्याच्या सहा महिने आधी, फेब्रुवारीत बिछरीच्या निकालात येऊन गेलं होतं. वेल्लोरचं खरं काम सावधगिरीच्या बाजूचं आहे. विज्ञानाने अजून छातीठोक सांगितलेलं नाही, एवढ्या कारणावर उपाय लांबवता येणार नाहीत, आणि ‘माझ्या कामाने नुकसान होत नाही’ हे दाखवायचा भार उद्योग करणाऱ्यावर, हे दोन मुद्दे तिथे आले.

अपर्णा, पुण्याचं उदाहरण आहे आणि चांगलं आहे. गोयल गंगा डेव्हलपर्स विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १० ऑगस्ट २०१८. जागा सिंहगड रस्त्यावर, वडगाव बुद्रुक. २००८ साली पर्यावरण मंजुरी मिळाली ती सुमारे ५७,६५८ चौरस मीटरची, ५५२ सदनिकांची. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या ८०७ सदनिका आणि बांधकाम गेलं एक लाख चौरस मीटरच्या घरात.

बचाव काय होता तो नीट वाच, कारण पुण्यातल्या कुठल्याही बांधकामाच्या साइटवर तो ऐकू येतो: जे एफएसआयमध्ये मोजलं जात नाही ते बांधकाम मंजुरीच्या हिशेबात धरू नका. न्यायालयाने ते मानलं नाही. पाण्याचा, सांडपाण्याचा, गाड्यांचा भार इमारतीत राहणाऱ्या माणसांमुळे पडतो. एफएसआय हा नगररचनेचा हिशेब, पर्यावरणाचा नव्हे.

आता आकडा. निकालात म्हटलंय की अशा प्रकरणांत प्रकल्पखर्चाच्या ५ टक्के भरपाई हा साधारण पायंडा आहे. इथे मात्र विकसकाचं वागणं बघून तो १० टक्क्यांवर नेला: १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते, शिवाय हरित न्यायाधिकरणाने लावलेले ५ कोटी. इमारती पाडायला सांगितलं नाही, कारण घरं घेतलेल्या माणसांचा त्यात दोष नव्हता. पुढच्या दोन इमारतींना मात्र परवानगी नाकारली.

तुझी आधीची-नंतरची विभागणी इथे लावून बघ. मंजुरी म्हणजेच सावधगिरी. ५५२ घरांचं पाणी येणार कुठून आणि मैलापाणी जाणार कुठे, हा प्रश्न बांधण्याआधी विचारून झाला होता. उरलेल्या २५५ घरांबद्दल तो कुणी विचारलाच नाही. म्हणजे भरपाई द्यावी लागली ती सावधगिरी चुकवल्याबद्दल. नदीत किती विष गेलं हे तिथे कुणी मोजलेलं नव्हतं.

अपर्णा_कोथरूड

काका, हे माहीतच नव्हतं, आणि त्या रस्त्याने मी रोज जाते! पण मग ५ टक्के का, १० का? नुकसानीशी त्याचा संबंध काय?

दत्तवाडी_बी२

थोडा वेगळा प्रश्न, पण विषय तोच. आमच्या सोसायटीत ९६ फ्लॅट. बिल्डरने सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी बांधून दिला आणि हस्तांतर करून निघून गेला. दोन वर्षांत वास सुरू झाला. आता शेजारच्या सोसायटीवाले म्हणतात की नाल्यात तुमचं पाणी येतं. पोल्युटर पेज म्हणजे बिल्डरने भरायचं ना? त्याला नोटीस कोणत्या कलमाखाली पाठवायची?

पेठेतला

धागा एसटीपीच्या टाकीत पडला. कुणीतरी दोर टाका.

शिवणे_लॅब

पडू दे की, टाकीतूनच शिकायला मिळतं. मी सांडपाण्याचे नमुने तपासते, बारा वर्षं झाली.

दत्तवाडी, रात्री अकरानंतर स्वतः खाली जाऊन बघा. हवा सोडणारा ब्लोअर चालू आहे का? बऱ्याच सोसायट्यांत विजेचं बिल वाचवायला तो रात्री बंद ठेवतात. टाकीतलं पाणी चॉकलेटी आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर जिवाणू जिवंत आहेत. काळं पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हवा न मिळाल्याने ते मेलेत. तसं असेल तर नाल्यात जातंय ते जवळजवळ कच्चं मैलापाणीच.

ब्लोअर तुमच्या कमिटीने बंद केला असेल तर बिल्डरकडे बोट दाखवणं अवघड आहे. आज पाणी सोडतंय कोण, हे आधी बघतात.

दत्तवाडी_बी२

म्हणजे आम्हीच?

मुळशीकर

शक्यता आहे. हस्तांतराची कागदपत्रं बघितल्याशिवाय ठाम बोलणार नाही. यंत्रणा मुळातच लहान क्षमतेची दिली असेल तर बिल्डरविरुद्ध तुमचं म्हणणं भक्कम आहे, पण ते तुमच्या आणि त्याच्यातलं भांडण. नाल्याकाठच्या माणसाला त्याच्याशी देणंघेणं नाही. एनजीटी म्हणजे हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या १७ व्या कलमात तर अपघाताच्या प्रकरणांत भरपाईसाठी ‘माझी चूक नव्हती’ हा बचाव चालत नाही.

भोसरीकर

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. माझं लहान प्लेटिंगचं शॉप आहे, अकरा माणसं. गेल्या वर्षी आमच्या आउटलेटचा नमुना नापास झाला. चूक आमचीच होती, लपवत नाही. आम्ल निवळणाऱ्या टाकीचा डोसिंग पंप बंद पडला आणि ऑपरेटरने दोन दिवस हाताने चुना टाकला, अंदाजाने. नोटीस आली. नवा पंप बसवून नवव्या दिवशी सगळं ठीक केलं आणि संबंधित कार्यालयात फोनवर कळवलं. परत बघायला माणूस आला पंचेचाळिसाव्या दिवशी. भरपाई लावली पंचेचाळीस दिवसांची, ५ लाख ६२ हजार ५००.

नऊ दिवसांचे मी हसत भरले असते. उरलेल्या छत्तीस दिवसांत मी कुठली नदी नासवली, हे मला कुणी सांगावं. आणि नदीकाठचे साहेब, माझ्यासारख्याला हा परवाना वाटत नाही. त्या महिन्याचे पगार मी बायकोच्या एफडीतून केले.

शिवणे_लॅब

तुमचा आकडा सूत्रातला आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या. अपर्णा, तुला हे लागेल:

```
EC = PI × N × R × S × LF
```

EC म्हणजे भरपाईची रक्कम. PI म्हणजे प्रदूषणाचा निर्देशांक, तो उद्योग किती प्रदूषण करणारा यावरून त्याला दिलेल्या रंगावर ठरतो: लाल गटाला ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०. N म्हणजे उल्लंघनाचे दिवस. R हा रुपयांचा गुणक, १०० ते ५०० मध्ये, सहसा २५० धरतात. S उद्योगाच्या आकाराचा: लहानाला ०.५, मध्यमाला १, मोठ्याला १.५. LF गावाच्या लोकसंख्येचा: १० लाख ते ५० लाखांच्या शहराला १.२५.

भोसरीकरांचं प्लेटिंग लाल गटात, शॉप लहान, शहर पिंपरी-चिंचवड. म्हणून ८० × ४५ × २५० × ०.५ × १.२५ = ५,६२,५००. दिवसाला १२,५००. नऊ दिवस धरले तर १,१२,५००.

आता त्यात काय नाही ते बघ. पीएच किती घसरला, क्रोमियम किती गेलं, दिवसाला पाणी किती सुटलं, नाला पुढे कुठे मिळतो, यातलं काहीच नाही. बादलीभर सोडणारा आणि टँकरभर सोडणारा एकाच गटातले, एकाच आकाराचे असतील तर दोघांना तेच १२,५००. माझी बारा वर्षं ज्या आकड्यांत गेली ते या गुणाकारात कुठेच येत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नदीकाठचा

मग माझंच म्हणणं खरं ठरलं की. दरपत्रक आहे हे. दिवसाला इतके.

मुळशीकर

दरपत्रकाचा धोका आहे, हे मान्य. पण सूत्र का आलं तेही बघा. सूत्र नसेल तर प्रत्येक लहान कारखान्याच्या मागे तज्ज्ञ समिती लावावी लागेल आणि तिचा खर्च भरपाईहून जास्त होईल. सूत्रामुळे भोसरीकरांना आपला आकडा निदान तपासता तरी आला.

एक मात्र पक्कं करा. ही रक्कम दंड नाही. दंड ही नियम मोडल्याची शिक्षा. ही भरपाई आहे, नुकसान भरून काढण्यासाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक धरून सांगितलं की जल आणि हवा कायद्यांखाली मंडळं अशी भरपाई मागू शकतात, मात्र त्यासाठी आधी रीतसर नियम झाले पाहिजेत.

आणि अपर्णाच्या ‘५ टक्के का’ या प्रश्नावर न्यायालयाचं स्वतःचंच एकमत नाही. दीपक नायट्राइट, २००४: गुजरात उच्च न्यायालयाने नंदेसरीच्या कारखान्यांना उलाढालीच्या १ टक्का भरायला लावला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नियम मोडला म्हणजे पर्यावरणाची हानी झालीच असं आपोआप धरता येणार नाही. हानी झाली का, किती, ते आधी बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेंझो केम प्रकरणात तर एनजीटीने कंपनीची उलाढाल बघून लावलेले २५ कोटी रद्द झाले, उलाढालीचा आणि प्रदूषणाच्या भरपाईचा संबंध नाही म्हणून. वडगावच्या निकालात मात्र प्रकल्पखर्चाचे टक्के टिकले. हे तिन्ही एकत्र ठेव. माझ्या मते ते जुळत नाहीत आणि ते जुळवून दाखवायचा आटापिटा तू करू नयेस.

ग्रंथालय_निवृत्त

सरांनी बिछरी नको म्हटलं, ते बहुधा १९९६ च्या वाक्यांबद्दल असावं. बिछरीचा खरा धडा त्यानंतर आहे आणि विद्यार्थी तिथपर्यंत पोचत नाहीत. पस्तीस वर्षं निकालांचे खंड काढून देताना मी हे पाहिलंय.

उदयपूरजवळचं हे गाव. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे एच-ॲसिड बनलं, रंगांच्या धंद्यातलं रसायन. माल जेमतेम ३७५ टन, पण मागे गाळ राहिला तो सुमारे २,४४० टन, उघड्यावर. पावसाने तो जमिनीत मुरला आणि विहिरी गेल्या. कारखाने तोवर बंदही पडले होते.

१९९६ च्या निकालाने आकडा दिलाच नाही. माती आणि भूजल साफ करायला काय लागेल ते केंद्र सरकारने ठरवावं आणि कारखानदारांकडून वसूल करावं, असं सांगितलं. तो खर्च निघाला ३७.३८५ कोटी. अपर्णाताई, टक्का नाही, उलाढाल नाही, दिवस नाहीत; जे बिघडलं ते नीट करायचा खर्च. तत्त्वाचा मूळ अर्थ मला तरी हाच वाटतो.

मग अर्जांवर अर्ज आले आणि पैसे काही भरले गेले नाहीत. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने तीच रक्कम ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली, वर १० लाख खर्चाचे. कारण साधं होतं: गावाच्या हक्काचे पैसे इतकी वर्षं तुम्ही वापरलेत, तो फायदा तुमच्याकडे राहू देणार नाही. वार्षिक चक्रवाढ धरून मी वहीत हिशेब मांडला. निकालाच्या दिवसापर्यंत रक्कम पावणेदोनशे कोटींच्या आसपास जाते.

पेठेतला

चेष्टा बाजूला ठेवतो. पावणेदोनशे कोटी झाले, पण विहिरी?

ग्रंथालय_निवृत्त

पंधरा वर्षं साफसफाईचे पैसे अडून राहिले. व्याज वाढतं तसं विषही पसरतं. त्यामुळे १९९७ चा साफसफाईचा अंदाज २०११ ला पुरेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. चक्रवाढ व्याजाने पैशाची किंमत राखली. भूजलाची राखली गेली का, हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडतो.

अपर्णा_कोथरूड

आज ऑफिसात जेवायच्या सुट्टीत हे सगळं पुन्हा वाचलं. मला आता तीन मोजपट्ट्या दिसतायत: नीट करायचा खर्च, टक्का, आणि दिवस. पण सावधगिरीचं तत्त्व निबंधात वेगळंच लटकतंय. त्याचा या आकड्यांशी धागा जोडता येईल का?

मुळशीकर

येईल, आणि तो भोसरीकरांच्या छत्तीस दिवसांतून जातो. सूत्रातला N मोजायची रीत अशी आहे की उल्लंघन दिसलं त्या दिवसापासून, पूर्तता झाल्याची मंडळाने खात्री केली त्या दिवसापर्यंत. दुरुस्तीच्या दिवसापर्यंत नाही, खात्रीच्या. मधल्या काळात पाणी चांगलं होतं की वाईट, कुणालाच माहीत नाही. मग न माहीत असण्याचा भार कुणावर? वेल्लोर म्हणतं, उद्योगावर. सावधगिरीच्या तत्त्वातला पुराव्याचा भार इथे भरपाईच्या गुणाकारात येऊन बसलाय. छत्तीस दिवसांचे साडेचार लाख हे त्या भाराचे आहेत.

भोसरीकर, म्हणून फोन पुरत नाही. नवव्या दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, पंपाचं बिल आणि पत्र, असं नेऊन आवकचा शिक्का घ्यायला हवा होता. पहिला नमुना घेतानाही जल कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे त्याचे दोन भाग करून, सील करून, सह्या घेऊन मागता येतात.

भोसरीकर

दुरुस्तीनंतरचा अहवाल आहे माझ्याकडे. दहाव्या दिवशी तपासून घेतला होता, माझ्याच समाधानासाठी. पीएच ७.४. तो कुठे द्यायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही.

शिवणे_लॅब

अहो, मग अजून वाट आहे ना! जपून ठेवा तो.

नदीकाठचा

एक मिनिट. भार नेहमी उद्योगावरच, असं असेल तर धरणांच्या वेळी हे तत्त्व कुठे गेलं होतं? तिथे तर लोकांनाच सगळं सिद्ध करावं लागलं.

ग्रंथालय_निवृत्त

अगदी नेमकं विचारलंत. नर्मदा बचाव आंदोलनाचा निकाल, ऑक्टोबर २०००. बहुमताने सांगितलं की भार उलटवण्याचा नियम प्रदूषण करणाऱ्या उद्योगांसाठी आहे, जिथे नुकसान किती होईल ते माहीत नसतं. धरणाचे परिणाम माहीत असतात, म्हणून तिथे तो लागू नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कृपाल बिछरीच्या खंडपीठावरही होते.

त्याच सुमारास नायडू प्रकरण बघा. हैदराबादच्या हिमायतसागर आणि उस्मानसागर तलावांपासून १० किलोमीटरच्या आत एरंडेल तेलापासून रसायनं बनवायचा कारखाना. ‘आमचं तंत्र सुरक्षित आहे’ असं कंपनी सांगत होती, सरकारने सूटही दिली होती. डिसेंबर २००० मध्ये ती सूट न्यायालयाने रद्द केली. पिण्याच्या तलावाबाबत अपघात होणार नाही यावर विसंबायचं कशाला, हा विचार त्यामागे होता. थेंबभरही प्रदूषण झालेलं नव्हतं.

मुळशीकर

नर्मदेच्या त्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. परिणाम माहीत आहेत असं म्हणणं आणि ते मोजलेले असणं यात अंतर आहे. पण ते इथे मिटणार नाही. अपर्णा, दोन्ही बाजू लिही आणि तुझं मत तू दे.

अपर्णा_कोथरूड

ठरलं. निबंध N वरच लिहिते: उल्लंघन संपलं हे कुणी दाखवायचं. वडगाव, बिछरीचं २०११ आणि नायडू-नर्मदा आधाराला. भोसरीकर दादा, नाव-गाव गाळून तुमच्या तारखा वापरू का?

भोसरीकर

वापर की. नोटीस, पंपाचं बिल, अहवाल, भेटीची नोंद, चारही तारखा रात्री व्यनितून पाठवतो. आणि त्या अहवालासोबत पत्र कसं लिहायचं, ते मुळशीकर साहेब सांगतील का?

मुळशीकर

शनिवारी या. मूळ कागद आणा, झेरॉक्स नको.

दत्तवाडी_बी२

काल रात्री सव्वाअकराला वॉचमनला घेऊन खाली गेलो. ब्लोअर बंद होता. पाणी काळं. झाकण उचलल्यावर वॉचमन चार पावलं मागे सरला. त्याने सांगितलं, दहा वाजता बंद करायचा आणि सहाला चालू, असं चार्टवर लिहिलंय. खाली सही सेक्रेटरींची आहे आणि तारीख मागच्या जूनची. रविवारी मीटिंग लावतोय. शिवणेताई, ब्लोअर चालू केल्यावर पाणी सुधारायला किती दिवस लागतील, आणि नमुना कधी घ्यायचा?